चमच्यांचा डाव: शेवटचा चमचा नेमका कोणाचा?

सांजवात

नमस्कार मंडळी. दिवाळीत माझ्या बहिणीची मुलं ह्यूस्टनहून आली होती. त्यांनी आम्हाला 'स्पून्स' नावाचा पत्त्यांचा खेळ शिकवला. प्रत्येकाला चार पानं वाटायची. खेळणारे सात असतील तर मधोमध सहाच चमचे ठेवायचे. वाटणारा गड्डीतून एकेक पान उचलतो, हवं तर ठेवतो आणि नको असलेलं डावीकडच्याला सरकवतो. डावीकडचा तेच करतो, आणि शेवटचा माणूस नको असलेलं पान बाजूला टाकतो. ज्याच्याकडे चार सारखी पानं जमतील, म्हणजे चार सत्त्या किंवा चार गुलाम, त्याने चमचा उचलायचा. एकाने उचलला की सगळ्यांनी झडप घालायची. ज्याला चमचा मिळाला नाही त्याने बाहेर जायचं. पुढच्या डावात एक चमचा कमी.

खेळ सगळ्यांना अतिशय आवडला, पण तिसऱ्या दिवशी रडारड झाली. आम्ही सात जण होतो: मी, यजमान, माझी दोन मुलं (१४ आणि ९), भाची १६ वर्षांची, भाचा ११ वर्षांचा आणि सासूबाई, वय ७२. जेवणाच्या टेबलावर बसलो होतो. सासूबाई तिन्ही दिवस सगळ्यात आधी बाद झाल्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण तिसऱ्या दिवशी 'तुम्ही खेळा, मी वाती वळते' म्हणून उठून गेल्या. ते मला लागलं. धाकटा आणि भाचा यांनी एकच चमचा दोन्ही टोकांनी धरला आणि ओढाताणीत धाकट्याच्या मनगटावर नखाचा लांब ओरखडा उठला. 'माझा हात आधी लागला' याचा निवाडा कोण करणार?

संक्रांतीला पुन्हा सगळे जमणार आहोत. खेळातली झुंबड मला घालवायची नाही, तीच तर मजा आहे. पण तो सगळ्यांना सारखा कसा करता येईल? ज्यांनी खेळलाय त्यांनी सांगा.

गोदाकाठ

सांजवात ताई, आमच्या सोसायटीत दर वर्षी २६ जानेवारीला हा खेळ असतो. भांडण टाळायचं तर सगळे चमचे एकाच संचातले घ्या. एकाचा खोलगट आणि दुसऱ्याचा चपटा असला की तक्रार येते. लिंबंही निवडून सारख्या आकाराची घ्यावीत. लहान मुलांसाठी अंतर कमी ठेवा आणि लिंबू पडलं तर तिथूनच पुढे जाऊ द्या.

सांजवात

गोदाकाठ, धन्यवाद, पण तुम्ही लिंबू-चमच्याच्या शर्यतीबद्दल सांगताय. हा बसून खेळायचा पत्त्यांचा डाव आहे, चमचे फक्त झडप घालायला असतात. सगळे चमचे एका संचातले घ्यायचं मात्र लक्षात ठेवते. आमच्याकडे त्या दिवशी दोन चमचे खिरीचे मोठे होते आणि सगळे त्यांच्यावरच तुटून पडत होते.

बदामसत्ती

अहो, हा तर आपला चिठ्ठ्यांचाच खेळ! लहानपणी आम्ही फळांची नावं लिहायचो. चौघे असू तर आंबा, पेरू, केळं, सीताफळ, प्रत्येकाच्या चार चिठ्ठ्या. सगळे एकाच वेळी एक चिठ्ठी शेजाऱ्याला द्यायचे. चार आंबे जमले की जमिनीवर हात आपटायचा, बाकीच्यांनी त्यावर हात ठेवायचे. सगळ्यात खालच्या हाताला १०००, वरच्याला शून्य.

तुमच्या खेळातला अन्याय त्या गड्डीमुळे होतोय. वाटणाऱ्याला पहिली निवड मिळते आणि शेवटच्याच्या वाट्याला उष्टी पानं येतात. गड्डी काढून टाका. सात जणांना सात प्रकारची पानं घ्या, एकूण २८, आणि सगळ्यांनी एकदम पास करा. झालं, खेळ सारखा. बाकी काही करायची गरज नाही.

पिसलेला पत्ता

पुण्यात आमच्या भागातल्या वाचनालयात मी दर शनिवारी पत्त्यांचे आणि पटावरचे खेळ घेतो. हा डाव कित्येक वेळा घेतला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बदामसत्ती यांचं गड्डीबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. सात जणांत २८ पानं हातात जातात आणि गड्डीत २४ उरतात. वाटणारा पहिलं पान लगेच बघतो. सातव्यापर्यंत पहिलं पान पोचायला सहा वेळा पान सरकावं लागतं. प्रत्येकाने एक सेकंद घेतला तरी सातवा पहिले सहा सेकंद रिकाम्या हाताने बसलेला असतो, आणि तोवर वाटणाऱ्याची सहा पानं बघून झालेली असतात. त्यात सातवा राण्या जमवत असेल आणि वरच्या बाजूला कोणी एक राणी धरून बसला असेल, तर सातव्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

याहून कमी लक्षात येणारी गोष्ट म्हणजे मधला संथ माणूस. समजा चौथ्या जागेवरचे काका प्रत्येक पान चष्म्याजवळ नेऊन बघतात. लोक काकांवर चिडतात, पण काकांचं स्वतःचं फारसं नुकसान होत नाही, कारण पानं त्यांच्यासमोर साचतात आणि त्यांना ती सगळी बघता येतात. उपाशी राहतात ते पाचवा, सहावा आणि सातवा. म्हणून कोणी सारखा हरत असेल तर आधी त्याच्या उजवीकडे कोण बसलंय ते बघावं. सांजवात, सासूबाईंच्या उजव्या हाताला कोण होतं?

सांजवात

उजवीकडे धाकटा होता! तो पानं एकेक करून देतच नव्हता. तीन-चार साचली की उचलायचा, निवडायचा आणि मग गठ्ठ्याने आजीकडे ढकलायचा. आम्हाला वाटलं, लहान आहे, चालेल.

पिसलेला पत्ता

मग पहिला दोष सापडला. नियम असा ठेवा की हातात कधीही पाचपेक्षा जास्त पान असायचं नाही. एक उचललं की एक सरकवायचं, मगच पुढचं उचलायचं. साचलेला गठ्ठा एकदम उचलणारा एका दमात चार पानांतून निवड करतो आणि शेजाऱ्याला नुसती वाट बघायला लावतो.

आता दुसरी गोष्ट, टेबल. माप सांगाल का? आणि कोण कुठे बसलं होतं?

सांजवात

सहा फूट लांब, तीन फूट रुंद. सासूबाई टोकाला. त्यांची जेवायची जागाच ती आहे, मानाची.

पिसलेला पत्ता

म्हणजे साधारण १८० सेंमी बाय ९०. चमचे बरोबर मध्ये असतील, तर लांब बाजूच्या मधोमध बसलेल्याला चमचा ४५ सेंमीवर आहे. त्याच्या शेजारी, अर्ध्या मीटरवर बसलेल्याला सुमारे ६७ सेंमी. आणि टोकाला बसलेल्या सासूबाईंना ९० सेंमी, म्हणजे बरोबर दुप्पट. त्यांना तर खुर्चीतून उठल्याशिवाय हातच पोचला नसेल. मानाच्या जागेनेच त्यांना बाद केलं.

हा खेळ लांबट टेबलावर खेळू नये. जमिनीवर गोल बसा. प्रत्येकाला साधारण ६० सेंमी जागा लागते, म्हणजे सात जणांच्या वर्तुळाचा घेर ४२० सेंमी आणि मध्यापासून प्रत्येकाचं अंतर ६७ सेंमी. सुतळीचा तेवढा तुकडा कापून मध्यापासून फिरवला की दोन मिनिटांत मोजून होतं. नऊ वर्षांच्या मुलाचा हात मोठ्यांपेक्षा आखूड असतो, त्याला वीतभर पुढे बसवा.

चमचे मात्र मोठं कडं करून मांडू नका. सात जणांत सहा चमच्यांचं कडं केलं की कोणाच्या तरी समोर रिकामी जागा येणारच, आणि तो डाव सुरू व्हायच्या आधीच मागे पडतो. चमचे अगदी जवळ जवळ, एका छोट्या ताटलीएवढ्या जागेत ठेवा, दांडे बाहेरच्या बाजूला. मग रिकामी फट कोणाच्या समोर आहे याला अर्थ राहत नाही. याच कारणाने आठाच्या वर माणसं झाली की मी दोन रिंगणं करतो. दहा जणांच्या वर्तुळात मध्यापासूनचं अंतर ९५ सेंमीवर जातं आणि मग सगळेच उठून धावतात, डोकी आपटतात.

पोटोमॅक

डोकी आपटण्यावरून लिहितो. आम्ही व्हर्जिनियात राहतो. इथे मुलांच्या उन्हाळी शिबिरांत या खेळाचा एक धावण्याचा प्रकार चालतो. चमचे शेजारच्या खोलीत किंवा अंगणात ठेवतात आणि चार पानं जमली की सगळे धावत सुटतात. माझ्या मुलीचा पुढचा दात त्यात अर्धा तुटला. दाराच्या चौकटीपाशी तिघं एकदम पोचली होती. शिबिराच्या लोकांनी नंतर चमचे आत आणले, पण दात गेला तो गेला. कृपया घरात धावण्याचा प्रकार करू नका. आणि खेळायच्या आधी अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढायला लावा. ओरखडे बहुतेक त्यांचेच असतात.

माणसं जास्त असतील तर दोन कॅट एकत्र करा, म्हणजे पानं पुरतात. आम्ही १२ जण असेच खेळतो.

पिसलेला पत्ता

मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं. दार हा या खेळात सगळ्यात धोकादायक भाग आहे, तिथे अंतर सारखं करताच येत नाही.

दोन कॅटबद्दल थोडं जपून. १२ जणांना एका कॅटमध्ये ४८ पानं वाटली जातात आणि गड्डीत चारच उरतात, त्यामुळे दुसरा कॅट लागतो हे खरं. पण मग प्रत्येक पान आठ-आठ होतं. चार सारखी फार लवकर जमतात, कधी कधी पहिल्या फेरीतच, आणि मागच्यांपर्यंत पान पोचलेलंही नसतं. म्हणजे वाटणाऱ्याच्या जवळच्यांचा फायदा आणखी वाढतो. माणसं वाटून दोन रिंगणं करणं बरं.

फूटपट्टी

मी शाळेत विज्ञान शिकवते. सासूबाईंचं वय ७२ आहे म्हटल्यावर सगळ्यांच्या मनात 'हात हळू चालत असेल' असं येतं. ते घरीच मोजता येतं. ३० सेंमीची पट्टी एकाने वरून उभी धरायची, दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि बोट न टेकवता उघडं ठेवायचं. पहिल्याने न सांगता पट्टी सोडायची. जिथे पकडली तिथला आकडा बघायचा. २० सेंमीला पकडली तर सुमारे ०.२ सेकंद, ३० सेंमीला पकडली तर पाव सेकंद. पाच वेळा करून मधला आकडा घ्यावा.

काल घरी करून बघितलं. माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, त्याचा मधला आकडा १७.५ सेंमी आला. माझ्या वडिलांचा, वय ७०, २६ सेंमी. म्हणजे ०.१९ आणि ०.२३ सेकंद. फरक सेकंदाच्या फक्त चार शतांशांचा! आता टेबलाचा हिशोब घ्या. हात सेकंदाला ३ मीटर वेगाने गेला असं धरलं तरी ४५ सेंमी जादा अंतराला ०.१५ सेकंद लागतात. वयाने जेवढं नुकसान झालं त्याच्या तिप्पट-चौपट नुकसान खुर्चीच्या जागेने झालं.

हट्टी हरणी

फूटपट्टी ताई, गणित छान आहे, पण पट्टी सोडणार आहे हे माहीत असताना माणूस टक लावून बसतो. या डावात चमचा कधी उचलला जाईल ते कोणालाच माहीत नसतं. चांगला खेळाडू चमचा इतका गुपचूप उचलतो की बाकीचे आणखी पाच-सहा पानं फिरवत बसतात. तिथे शतांशांचा प्रश्नच नाही, कोणाचं लक्ष आहे आणि कोणाचं नाही एवढंच उरतं.

फूटपट्टी

हे मान्य. मी फक्त हाताची चपळाई मोजली, लक्ष मोजलं नाही. सांजवात, सासूबाईंचा चष्मा दुहेरी भिंगाचा आहे का? वडिलांचं असं होतं की हातातली पानं खालच्या भिंगातून दिसतात आणि मधले चमचे त्या भिंगातून धूसर दिसतात. पानं बघत असताना चमचा हलला तरी त्यांना कळत नाही.

सांजवात

हो, दुहेरी भिंगाचाच आहे! आणि टेबलावर पांढरं प्लास्टिक होतं, त्यावर स्टीलचे चमचे. मलाही ते नीट दिसत नव्हते.

मूकसंवाद

माझं प्रकरण जरा वेगळं आहे, पण इथे सांगावंसं वाटतं. माझा धाकटा भाऊ जन्मापासून ऐकू शकत नाही. लहानपणी चिठ्ठ्यांच्या खेळात तो नेहमी शेवटी यायचा, कारण आमच्या गल्लीत चार चिठ्ठ्या जमल्या की आधी ओरडायचं आणि मग हात ठेवायचा अशी पद्धत होती. बाकीची मुलं ओरडण्यावर हात टाकायची, तो हात बघून टाकायचा. आम्हाला कोणालाच ते तेव्हा कळलं नाही. 'तुझं लक्ष नसतं' असंच म्हणायचो.

मोठेपणी त्याच्या मित्रांबरोबर हा चमच्यांचा डाव पहिल्यांदा बघितला. त्यात कोणी ओरडत नाही, चमचा गुपचूप उचलतात. त्या दिवशी त्याला हरवणं कोणाला जमलं नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला हालचाल आमच्यापेक्षा कितीतरी लवकर दिसते. म्हणून विनंती आहे, घरात कोणाला कमी ऐकू येत असेल तर 'ओरडायचंच' असा नियम घालू नका.

बदामसत्ती

मूकसंवाद, आमच्याकडेही ओरडायचीच पद्धत होती. आमच्या वाड्यातल्या एका मैत्रिणीला कमी ऐकू यायचं, ती कायम वरचा हात असायची. आज तुम्ही लिहिलंत म्हणून समजलं.

हट्टी हरणी

मला एक वेगळाच प्रश्न आहे. आमच्या वहिनी हातातली पानं बघतच नाहीत. आलेलं पान न बघता पुढे सरकवतात आणि डोळे कायम चमच्यांवर. त्यांना चार सारखी कधीच जमत नाहीत, पण त्या कधी हरतही नाहीत. मला हे लबाडीचं वाटतं. तुमचं काय मत?

पोटोमॅक

माझ्या मते ही लबाडी नाही. त्यांनी जिंकण्याचा एक मार्ग सोडून दिलाय. कोणी खोटा हात हलवला की पहिल्या त्याच फसतील.

हट्टी हरणी

पण सगळे असेच खेळले तर चार सारखी कोण जमवणार? डाव संपणारच नाही.

पिसलेला पत्ता

दोघांचंही पटतं. आमच्याकडे जो आधी चार जमवून दाखवतो त्याचं आधीचं एक अक्षर पुसतात, म्हणजे पानं बघण्याला काहीतरी बक्षीस राहतं. तरी वहिनींसारखे खेळाडू दर शनिवारी दोन-तीन असतातच. त्यांना थांबवणारा नियम मला अजून सापडलेला नाही.

अक्षरांचं सांगायचं राहिलं. पहिल्याच डावात बाद करणं हे लहान मुलांना आणि वडीलधाऱ्यांना सगळ्यात जाचक असतं. अमेरिकेत बरेच जण प्रत्येक हारीला 'स्पून्स' या शब्दाचं एक इंग्रजी अक्षर देतात, सहा अक्षरं पुरी झाली की बाहेर. आम्ही 'च-म-चा' देतो. तीन वेळा हरल्याशिवाय कोणी उठत नाही, आणि तोपर्यंत चमचे तेवढेच राहतात. याचा आणखी एक फायदा आहे. गड्डी ठेवून खेळत असाल तर दर डावाला वाटणारा डावीकडे सरकवायचा. सात जण, सात डाव झाले की प्रत्येकाला प्रत्येक जागा एकदा मिळते. पहिल्या डावापासून माणसं बाद होत गेली तर हे चक्र कधी पुरंच होत नाही.

सांजवात

आणि एकच चमचा दोघांनी धरला तर?

पिसलेला पत्ता

याला मी बरीच वर्षं चुकीचं उत्तर देत होतो. आधी 'दांडा ज्याच्या हातात त्याचा' असा नियम होता. मग सगळे दांड्यावरच तुटून पडायला लागले आणि बोटं मुरगळायला लागली. मग पंच नेमला, पण सहा हात एकदम पडतात तिथे पंचाला काय दिसणार? चिठ्ठ्यांच्या खेळात हात एकावर एक राहतात, क्रम डोळ्यांसमोर असतो. चमच्यांत तसा पुरावा उरत नाही.

मग लक्षात आलं की ओढण्यात फायदा आहे म्हणून मुलं ओढतात. आता नियम असा आहे: दोघांचे हात एका चमच्यावर दिसले की दोघांनी जिथल्या तिथे थांबायचं. बाकी सगळ्यांकडे चमचे असतात, म्हणजे शेवटचे दोघे हेच. दोघांनाही अर्धं अक्षर, 'च' ऐवजी 'च्'. पुढच्या वेळी तसंच झालं तर पाय मोडलेला 'च्' पुरा 'च' होतो. ज्याने थांबा म्हटल्यावर ओढलं त्याला पुरं अक्षर. ओढून काही मिळत नाही हे कळल्यावर दोन-तीन डावांत ओढाताण आपोआप थांबली.

बदामसत्ती

पण मग दोन भावंडं ठरवून एकच चमचा धरतील आणि अर्ध्यावर सुटतील!

पिसलेला पत्ता

धरोत की. दोघांना मिळून एक अक्षर पडतंच, नाहीतर ते एकालाच पडलं असतं.

खोट्या झडपेचंही ठरवून ठेवा. नुसता हात हलवून फसवणं आम्ही चालू देतो, पण चार सारखी नसताना आधी चमच्याला बोट लागलं तर एक अक्षर. 'हल्ली गल्ली' नावाच्या घंटीच्या खेळातही असंच आहे. तिथे एकाच फळाची बरोबर पाच चित्रं दिसली की घंटी वाजवायची असते आणि चुकून वाजवली तर प्रत्येक खेळाडूला आपलं एकेक पान द्यावं लागतं. त्या खेळातली आणखी एक शिस्त मला आवडते. पान स्वतःकडे न उघडता समोरच्यांच्या दिशेने उघडायचं, म्हणजे उघडणाऱ्याला ते आधी दिसत नाही. चमच्यांत ते लागू होत नाही, पण न्याय कुठल्या बारीकशा हालचालीत असतो ते त्यावरून कळतं.

आणि खेळ चालू असताना दुसरा हात चमच्यांवर तरंगत ठेवायला बंदी. रिकामा हात मांडीवर.

सांजवात

मंडळी, काल रविवारी घरीच करून बघितलं. भाचरं परत गेलीत, म्हणून शेजारची दोन मुलं बोलावली, पुन्हा सात जण झालो.

सासूबाईंना जमिनीवर बसता येत नाही, म्हणून सगळ्यांनाच खुर्च्यांवर गोल बसवलं आणि मध्ये गोल तिपाई ठेवली. सुतळीने अंतर मोजलं. पानं ठेवायला प्रत्येकाच्या मांडीवर एकेक पाट दिला. तिपाईवर गडद निळा टॉवेल घातला. चमच्यांऐवजी मोज्यांच्या सहा घट्ट गुंडाळ्या ठेवल्या, सगळ्या पांढऱ्या. चमचे नाहीत म्हणून थोरली आधी नाराज होती, पण नंतर विसरली. मोजा दोघांनी धरला तरी लागत नाही, आणि टॉवेलवरून एक उचलला की लांबूनही दिसतं.

गड्डी ठेवली नाही. बदामसत्ती यांच्या सांगण्याप्रमाणे एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी, अठ्ठी अशी २८ पानं घेतली. यजमान 'दे' म्हणाले की सगळ्यांनी डावीकडे पान ठेवायचं, 'घे' म्हणाले की उचलायचं. 'दे' आणि 'घे'च्या मध्ये दोन सेकंद. सासूबाईंना ती लय फार आवडली, भजनाचा ठेका असल्यासारखं वाटतं म्हणाल्या.

सात डाव झाले. अक्षरं अशी पडली: सासूबाईंना १, मला १, यजमानांना २, धाकट्याला २, शेजारच्या एकाला १, थोरलीला आणि शेजारच्या दुसऱ्याला काहीच नाही. एका डावात चार नव्व्या सासूबाईंनीच जमवल्या. मोजा उचलून पदराखाली घेतला आणि पुढची दोन पानं शांतपणे फिरवत राहिल्या. आम्हाला कोणाला कळलं नाही!

एक अडचण मात्र आली. चौथा डाव संपेचना. थोरलीकडे तीन राण्या होत्या आणि चौथी धाकट्याने मुद्दाम धरून ठेवली होती. तो स्वतः दश्श्या जमवत होता आणि त्याला तीनच पानांत ते जमवता येत नव्हतं, तरी राणी सोडेना.

पिसलेला पत्ता

पदराखाली मोजा! वाचून फार आनंद झाला.

चौथ्या डावात जे झालं ते सगळ्यांनी एकदम पास करायच्या प्रकारात होतंच. म्हणून मी वर 'बाकी काही करायची गरज नाही' याला पूर्ण होकार दिला नव्हता. २८ पानांत प्रत्येक पान कोणाच्या तरी हातात असतं, गड्डीत काही लपलेलं नसतं, त्यामुळे अडवून धरणं सोपं जातं. गड्डी असली तर हवं ते पान कोणाच्या हातात आहे की अजून खाली आहे हे कळत नाही, म्हणून अडवणारा फारसा टिकत नाही. आम्ही २० वेळा 'दे-घे' झालं की पानं गोळा करून पुन्हा पिसतो. कोणालाच अक्षर नाही.

बदामसत्ती

बरोबर, चिठ्ठ्यांतही असं व्हायचं. एकजण आंबा धरून बसायचा आणि संध्याकाळचे दिवे लागेपर्यंत खेळ चालायचा. ते माझ्या लक्षातून गेलं होतं.

हट्टी हरणी

पण २० वेळा धरून ठेवायला धाकट्याला काय हरकत आहे? त्याला तर डाव मोडायचाच होता. फेरपिसणीने त्याचंच फावलं.

पिसलेला पत्ता

हो, ही त्या नियमातली खोट आहे. एवढंच की राणी धरल्याने त्याची स्वतःची चार जमत नाहीत, म्हणजे त्यालाही काही मिळत नाही.

सांजवात

धाकट्याला विचारलं. म्हणतो, 'ताई जिंकली नाही, हे मिळालं ना!' संक्रांतीला त्याला ताईच्या डावीकडे न बसवता समोर बसवून बघते.

आणखी एक शंका. शेजारच्या मुलाच्या हातात तीन गुलाम होते, चौथा पाटावर येऊन पडला होता पण त्याने तो अजून उचलला नव्हता. त्याने सरळ मोजा उचलला. पाटावरचं पान त्याचं धरायचं का?

पोटोमॅक

आमच्याकडे हातात आलं तरच धरतात.

फूटपट्टी

पण 'घे' म्हटलेलं होतं का त्याआधी? म्हटलं असेल तर पान त्याचंच झालं ना?

सांजवात

तेच तर, यजमान 'घे' म्हणत होते की म्हणून झालं होतं, यावर इथे अजून दोन मतं आहेत.